मानेची नाडी कुठे बघायची, दाबायची का नाही, आणि त्यापेक्षा मनगट का बरं

मानेची नाडी बघा म्हटलं की दहातले नऊ जण डायरेक्ट जबड्याखाली बोटं खुपसतात. व्हिडिओत तसंच दाखवतात, सिरियलमध्ये पण तसंच, आणि "जबड्याच्या खाली दोन बोटं ठेवून नीट दाबा" हे वाक्य इतक्या ठिकाणी कॉपी-पेस्ट झालंय की कुणी ते तपासून बघायच्या भानगडीतच पडत नाही. मी प्रथमोपचार शिकवते, आणि प्रत्येक बॅचमध्ये माझं पहिलं काम असतं ते म्हणजे लोकांची बोटं जबड्यापासून खाली ओढणं आणि दाब निम्म्यावर आणणं. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतेय.

आधी बसा किंवा झोपा. उभ्याने मानेची नाडी बघायची नाही, कारण पुढे कळेल. दोनच बोटं वापरायची, तर्जनी आणि मधलं. अंगठा नाही, अंगठ्याला स्वतःचीच नाडी चांगली जाणवते आणि मग आपण आपलेच ठोके मोजत बसतो.

आता जागा. सगळं घोडं इथेच अडतं, मलाही ही जागा न चाचपडता सापडायला बराच वेळ लागला होता. गळ्याच्या मधोमध कंठमणी असतो, बायकांमध्ये तो दिसत नाही पण गिळताना वरखाली होणारं कडक काहीतरी हाताला लागतंच, तोच. त्यावर बोटं ठेवा आणि तिथून खाली सरकवा, म्हणजे कंठमणी संपला की एक छोटा खळगा आणि मग पुन्हा एक कडक रिंग लागते. त्या रिंगच्या लेव्हलला थांबा. आता बोटं बाजूला सरकवा, ज्या हाताने बघताय त्याच बाजूला, म्हणजे उजव्या हाताने उजवीकडे. श्वासनळी संपते आणि मानेचा तो लांब जाड स्नायू (कानामागून छातीच्या हाडापर्यंत येतो तो) सुरू होतो, त्या दोघांच्या मधल्या घळीत बोटं आपोआप उतरतात. हनुवटी त्याच बाजूला किंचित वळवली की स्नायू सैल पडतो आणि घळ अजून मोकळी मिळते. इथे बोटं नुसती टेकवायची आणि थांबायचं. लगेच लागली नाही तर दाब वाढवायचा नाही, जागा बदलायची, अगदी थोडीशी आत किंवा बाहेर. बहुतेक वेळा नाडी सापडत नाही ती बोटं स्नायूवर चढलेली असतात म्हणून, आणि स्नायूवरून कितीही दाबलं तरी काय लागणार.

किती दाब? आपल्या बोटांच्या नखांकडे बघा (स्वतःची नाडी बघताना आरसा घ्या), नखं पांढरी पडायला लागली म्हणजे जास्त झालं. ठोका बोटाला येऊन लागला पाहिजे, आपण त्याच्या मागे जायचं नाही.

आणि एक पकड आहे जी मी दिसली की लगेच सोडायला लावते: एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं, गळा धरल्यासारखं. यात दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या एकदम दाबल्या जातात, शिवाय मध्ये श्वासनळी. समोरच्याची नाडी बघताना गळ्यावरून पलीकडे हात नेला की नकळत हीच पकड होते. म्हणून ज्या बाजूला आपण बसलोय त्याच बाजूची नाडी बघायची. दोन्ही बाजू एकाच वेळी कधीही नाही, "दोन्हीकडे सारखी लागते का बघू" असं म्हणून सुद्धा नाही.

जबड्याखाली का नको, ते आता. मानेत दोन्हीकडे एकेक मोठी रक्तवाहिनी वर जाते, कॅरोटिड. साधारण कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी तिला दोन फाटे फुटतात, एक मेंदूकडे जातो, एक चेहऱ्याकडे. त्या फाट्यापाशी तिची भिंत थोडी फुगीर असते आणि तिथे नसांची टोकं असतात, याला कॅरोटिड सायनस म्हणतात. या टोकांचं काम एकच, भिंत किती ताणली गेलीय ते मेंदूला कळवत राहणं, कारण त्यावरून शरीर बीपी किती आहे ते ओळखतं. आता ताण आतल्या रक्तामुळे आला की बाहेरच्या बोटामुळे हे त्या बिचाऱ्यांना कळत नाही. तुम्ही वरून दाबलं की मेंदूला निरोप जातो बीपी फार वाढलंय, आणि मेंदू लगेच हृदयाचा वेग कमी करतो, रक्तवाहिन्या सैल सोडतो. बीपी मुळात वाढलेलंच नसतं, त्यामुळे ते नॉर्मलच्या खाली घसरतं. तरुण माणसाला बऱ्याचदा काही जाणवतही नाही, पण वय झालेल्या, विशेषतः पुरुषांमध्ये, ही जागा कधीकधी फारच हळवी असते, हृदय दोन-तीन सेकंद किंवा जास्तही थांबू शकतं आणि माणूस भोवळ येऊन पडतो. उभ्याने बघायची नाही ती यासाठी.

दुसरा धोका वेगळाच आहे. हाच फाटा चरबीचे थर साचायची नेहमीची जागा आहे, आणि आत थर असताना वरून रगडलं तर एखादा तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो, म्हणजे स्ट्रोक. असं क्वचित होतं, पण ज्याच्या आत थर आहे त्याला बाहेरून काहीच कळत नसतं.

कुणी म्हणेल डॉक्टर तर मुद्दाम मानेला मसाज करतात. हो करतात, धडधड अचानक खूप वाढते अशा काही प्रकारांत ती खाली आणायला, किंवा चक्कर कशाने येते ते शोधायला. पण पेशंटला झोपवून, ईसीजी चालू ठेवून, आधी स्टेथोस्कोपने मानेत काही आवाज येतो का ऐकून, एकाच बाजूला, काही सेकंद. नुकताच स्ट्रोक येऊन गेलेल्या माणसाला तर करतच नाहीत. जी गोष्ट ते एवढी तयारी करून करतात तीच आपण जिन्यात उभं राहून धापा टाकत करतो.

आणि धोका बाजूला ठेवला तरी आकडाच चुकतो ना. वर्गात साठी उलटलेले एक काका होते, व्यायामानंतर नाडी कधीच शंभरच्या वर जात नाही म्हणून खूश. मी त्यांना भरभर जिने चढायला लावले, आल्या आल्या त्यांनी नेहमीसारखं मानेत वरच्या बाजूला दाबून 15 सेकंद मोजले, 24 ठोके, म्हणजे मिनिटाला 96. लगेच खुर्चीत बसवून मनगटावर 15 सेकंद मोजले तर 28, म्हणजे 112. आता गंमत बघा, व्यायाम थांबला की नाडी झपाट्याने उतरत असते, त्यामुळे नंतर मोजलेला आकडा कमीच यायला हवा होता, तो जास्त आला. मोजण्यात एखादा ठोका इकडेतिकडे होतो हे मान्य, 15 सेकंदात एक ठोका चुकला की मिनिटाचा आकडा 4 ने बदलतो, पण इथे फरक 16 चा होता. म्हणजे बोटांच्या दाबाने त्यांचं हृदयच हळू होत होतं आणि ते त्या हळू झालेल्या हृदयाचे ठोके मोजत होते. वर विचारल्यावर सांगतात, हो थोडं डोकं हलकं होतं मोजताना, आणि दाढी करताना मान वळवली की पण होतं कधीकधी. त्यांना म्हटलं हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा. घट्ट कॉलर, दाढी, झटकन मान वळवणं यावेळी ज्यांना अंधारी येते त्यांनी तर मानेला हातच लावायचा नाही.

मग मनगट. तळहात वर, अंगठ्याच्या रेषेत मनगटाच्या घडीच्या थोडं खाली कोपराच्या दिशेने, बाहेरचं हाड आणि त्याच्या आतली ताठ दोरीसारखी शीर यांच्या मधली घळ. दोन किंवा तीन बोटं, मनगट किंचित मागे वाकवलेलं, हाताला आधार. इथेही खूप दाबलं तर ठोका बंद होतो, पण बाकी काही बिघडत नाही, हाच तर मनगटाचा फायदा. 30 सेकंद मोजून दुप्पट करा. व्यायामानंतर 15 सेकंदच मोजा आणि चारने गुणा, जास्त वेळ लावला तर मोजता मोजताच ती खाली येते.

मनगटावर नाहीच लागली, हात गार पडलेत वगैरे, तर कोपराच्या घडीत आतल्या म्हणजे करंगळीच्या बाजूला बघा. कानासमोर पण लागते, कानाच्या भोकापुढच्या उंचवट्याच्या जरा पुढे, ती खूप हलकी असते पण आरामात बसून मोजता येते. तान्ह्या बाळाला मान एवढी आखूड आणि गुबगुबीत असते की तिथे शोधूच नका, दंडाच्या आतल्या बाजूला, काख आणि कोपर यांच्या मध्यावर दोन बोटं ठेवा.

बेशुद्ध पडलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न येतोच. तिथे सामान्य माणसाने नाडी शोधायचीच नाही. घाबरलेल्या बोटांना नसलेली नाडी लागते आणि असलेली लागत नाही, म्हणून अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2000 सालीच सामान्य लोकांसाठीच्या सूचनांमधून नाडी बघणं काढून टाकलं. हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके देतोय, एवढं दिसलं की ॲम्ब्युलन्सला फोन आणि छाती दाबायला सुरुवात, मोठ्या माणसाला 5 ते 6 सेंटीमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. ज्यांना याचं ट्रेनिंग आहे ते डॉक्टर-नर्स मानेची नाडी बघतात, पण त्यांनाही 10 सेकंदांच्या वर वेळ घालवायचा नाही असा नियम आहे.

राहिली अनियमित नाडी. ठोके मागेपुढे, काही जोरात काही मंद असे लागत असतील तर 15 किंवा 30 सेकंदांचा हिशोब विसरा, पूर्ण 60 सेकंद मोजा. अशा वेळी काही ठोके इतके कमजोर असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो, आणि मग लोकं "मनगटावर नीट लागत नाही" म्हणून परत मानेत बोटं खुपसतात. त्याने काही साधत नाही, ती मोजणी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून किंवा ईसीजीवर करायची असते. कुठल्या वेळी झालं, काय करत होता आणि 60 सेकंदात किती मोजले एवढं लिहून ठेवा आणि दाखवून या, सोबत छातीत दुखणं, दम लागणं किंवा भोवळ असेल तर त्याच दिवशी, लगेच.