पाली वाचताना '-त्वा' आणि '-य' मध्ये होणाऱ्या चुका टाळा

शाळेत संस्कृत घेतलेल्या माणसाला पाली सुत्त वाचताना पहिला झटका इथेच बसतो. आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की 'जाऊन', 'येऊन' असा अर्थ सांगायला उपसर्ग नसेल तर त्वान्त (गत्वा), उपसर्ग असेल तर ल्यबन्त (आगम्य), आणि पालीत बघावं तर उपसङ्कमित्वा, अभिवादेत्वा, म्हणजे उपसर्ग लावूनही बिनधास्त '-त्वा'. छपाईची चूक नाही ती, पाली हा नियम पाळतच नाही, तेव्हा तो घरी ठेवून या.

त्यापेक्षा आपलं मराठी 'ऊन' सोबत आणा. महाराष्ट्री प्राकृतातल्या '-ऊण'चं ते रूप, आणि पालीतही '-तून' प्रत्यय आहेच (कातून, म्हणजे करून), फक्त गद्यात '-त्वा' फार जास्त दिसतो.

आता सुत्तात शेकडो वेळा येणारं हे वाक्य बघा: पुब्बण्हसमयं निवासेत्वा पत्तचीवरमादाय सावत्थिं पिण्डाय पाविसि. सकाळच्या वेळी (चीवर) नेसून, पात्र-चीवर घेऊन, भिक्षेसाठी सावत्थीत शिरले. मी सुरुवातीला इथे दोनदा आपटलो. एकतर डिक्शनरीत 'मादाय' शोधत बसलो, तो म् मागच्या 'चीवरं'चा आहे, शब्द आहे आदाय. आणि दुसरं म्हणजे आदाय आणि पिण्डाय दोन्ही 'आय'वर संपतात म्हणून मी दोन्ही एकाच खात्यात टाकले, तर पिण्डाय ही पिण्ड नामाची चतुर्थी निघाली, भिक्षेसाठी. ओळखायचं कसं? आधी बघा शब्दाला स्वतःचं कर्म आहे का. आदाय काय घेतो तर पत्तचीवरं, द्वितीया समोरच उभी आहे. पिण्डायला असं काही नाही, आणि 'पिण्ड' असा धातूही इथे नाही. शेवटच्या अक्षरावरून निकाल देऊ नका एवढंच.

तिसरा 'आय' अजून फसवा. ध्यानांच्या वर्णनाच्या शेवटी येतं: पञ्ञाय चस्स दिस्वा आसवा परिक्खीणा होन्ति. पञ्ञाय म्हणजे प्रज्ञेने, सरळ तृतीया. त्वान्त आहे तो दिस्वा, आणि तो 'दिसून' नाही हां, 'पाहून' आहे, मराठी कान तिथे दगा देतो. पण खरी गोची कर्त्याची आहे. पुस्तकी नियम सांगतो की त्वान्ताचा आणि मुख्य क्रियापदाचा कर्ता एकच, आणि इथे होन्तिचा कर्ता आसवा, म्हणजे चित्तातले मळ. मग आसवांनी पाहिलं का? अर्थातच नाही, पाहणारा 'अस्स'मध्ये लपलाय, 'त्याचे' या षष्ठीत. म्हणून 'त्याचे आसव पाहून क्षीण होतात' असं भाषांतर केलंत की वाक्य हास्यास्पद होतं. इथे 'ऊन' सोडा आणि 'ल्यावर' घ्या: प्रज्ञेने पाहिल्यावर त्याचे आसव क्षीण होतात. 'ल्यावर'ला दोन वेगळे कर्ते चालतात.

पंचवर्गीय भिक्खू म्हणजे बुद्धाचे पहिले पाच शिष्य, त्यांच्या वाक्यातही तसंच, अनुपादाय आसवेहि चित्तानि विमुच्चिंसु, कर्ता चित्तं आणि माणसं षष्ठीत (भिक्खूनं). शिवाय इथे नकार आहे, 'अन्' लागून. मराठीत 'न धरून' कोणी म्हणत नाही, 'न धरता' म्हणतो, तेच लिहा: काहीही धरून न ठेवता चित्तं आसवांपासून मुक्त झाली.

अजून एक चूक, प्रत्येक त्वान्त म्हणजे 'आधी हे मग ते' असं समजणं. निसीदति पल्लङ्कं आभुजित्वा उजुं कायं पणिधाय. इथे क्रियापद आधी आलंय आणि त्वान्त मागून, म्हणून काही जण 'बसतो, मग मांडी घालतो' असं लिहितात, तर काही जण उलट, उभ्याउभ्याच मांडी घालायला लावतात 😀 मराठीत नुसतं म्हणून बघा, मांडी घालून, पाठ सरळ ठेवून बसतो. 'घालून' इथे बसण्याची पद्धत सांगतो, घड्याळ नाही.

आणि काही त्वान्त तर क्रिया राहिलेलेच नसतात. ठपेत्वाचं मूळ 'ठेवून', पण वापर बऱ्याचदा 'वगळून', जसं आपण म्हणतो 'मला सोडून सगळे जेवले', तिथे कोणी कोणाला सोडायला हात उचलत नाही. निस्साय म्हणजे आधाराने, आरब्भ म्हणजे विषयी. चक्खुञ्च पटिच्च रूपे च उप्पज्जति चक्खुविञ्ञाणं, यातला पटिच्चही असाच, आणि चक्खुविञ्ञाण म्हणजे डोळ्याने होणारी जाणीव. कर्ता एकच हा नियम इथे लावला तर अजून जन्मच न झालेलं विञ्ञाण आधी डोळ्याकडे येऊन मग उत्पन्न होतं असं म्हणावं लागेल. डोळा आणि रूपं यांच्यामुळे, असं शब्दयोगी अव्ययासारखं वाचा आणि पुढच्या वाक्याला लागा.