सोलापूरच्या थंडीत हीटर घेताय? बिल फुगवणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरात हीटर म्हटलं की लोक हसतात. उन्हाळ्यात ४२-४३ अंश सोसणाऱ्या गावाला हीटर कशाला? पण वरच्या मजल्यावर झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला डिसेंबर-जानेवारीतली पहाट विचारा. आईच्या गुडघ्यांसाठी आम्ही हीटर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदार म्हणाला, "तेलाचा घ्या. तेल तापून राहतं, लाईट कमी खातो." पहिली चूक इथेच झाली.

तेल तापून राहतं हे खरं, पण लाईट कमी खातो हे खोटं. ऑइल हीटर असो की फॅन हीटर, एक युनिट वीज घेतली की एक युनिटच उष्णता मिळते. तेल ती हळूहळू सोडतं, एवढाच फरक. ऑइल हीटरचं बिल कमी येतं ते थर्मोस्टॅटमुळे, कारण खोली तापली की तो बंद होतो. स्वस्तातल्या फॅन हीटरचा थर्मोस्टॅट बहुधा नावापुरताच असतो. २००० वॅटचा तसा हीटर आठ तास चालू राहिला तर १६ युनिट जातात, आणि खोली भट्टी होते ती वेगळीच.

तिसरा पर्याय हीट पंप, म्हणजे दुकानात ज्याला 'हॉट अँड कोल्ड' एसी म्हणतात तो. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणून टाकतो. म्हणून एका युनिटमागे साधारण तीन युनिट उष्णता मिळते. बाहेर गोठवणारी थंडी असेल तर हा आकडा घसरतो आणि बाहेरच्या युनिटवर बर्फ धरतो. आपल्याकडे पहाटे १२-१५ अंश असतात, त्यामुळे ही अडचण येत नाही.

आता आमचा हिशोब. खोली १० बाय १२, वर उघडा स्लॅब. एक रात्र हीटरशिवाय काढली आणि झोपताना व सकाळी मीटरचं रीडिंग घेतलं, तर फ्रीज-पंखा धरून २ युनिट गेले होते. दुसऱ्या रात्री ऑइल हीटर लावला, तेव्हा ८ गेले. म्हणजे हीटरचे ६. तेवढीच उष्णता हीट पंपाने दिली असती तर २ युनिट लागले असते.

युनिटचा दर धरतानाही बहुतेक जण चुकतात. एकूण बिल भागिले युनिट करून सरासरी काढतात. पण हीटरचे युनिट महिन्याच्या वापराच्या वर चढतात. आमचा वापर २२० युनिट. त्यात रोजचे ६ म्हणजे महिन्याला १८० वाढले, आकडा ४०० वर गेला आणि शेवटचे १०० युनिट ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात पडले. आपल्या बिलावरचा त्या टप्प्याचा दर, वहन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क धरूनच गणित करा. हिशोबाला सरसकट १२ रुपये धरले, तर रात्रीचे ७२ विरुद्ध २४ होतात. थंडी फार तर ४५ रात्री. बचत २,१६० रुपये.

म्हणून नुसत्या थंडीसाठी हीट पंप घेऊ नका. उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल तर मात्र फक्त-थंड आणि हॉट अँड कोल्ड मॉडेलच्या किमतीतला फरक विचारा. तो ८,००० असेल तर चार हिवाळ्यांत वसूल. मात्र एसीवरचे स्टार थंड करण्याचे असतात, गरम करण्याची क्षमता वेगळी पाहावी लागते.

एक फसगत नेहमी होते. रिमोटवर HEAT बटण दिसतं, म्हणून एसी गरम हवा देईल असं वाटतं. एकच रिमोट अनेक मॉडेलना देतात. पंधरा मिनिटांनंतरही हवा कोमट होत नसेल तर मशीन फक्त-थंड असू शकतं, माहितीपत्रक बघा. मात्र सुरुवातीची दोन-चार मिनिटं आतला पंखा थांबलेला दिसला तर मेकॅनिक बोलावू नका. कॉइल तापेपर्यंत तो मुद्दाम थांबतो. गरम हवा वर जाते, म्हणून झडप खाली वळवा, नाहीतर छत तापेल आणि पाय गारच राहतील.

आमची सगळ्यात महाग चूक वेळेची होती. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत उष्णता सोडत असतो. दहाला हीटर लावणं म्हणजे त्या ऊबेवर पैसे ओतणं. आता आई सोलापुरी चादरीत झोपते आणि टायमरने हीटर तीनला लागतो. मीटरवर ६ चे साडेतीन झाले.

फॅन हीटरलाही जागा आहे. आंघोळीनंतर कपडे करताना २० मिनिटं लावला तर पाऊण युनिटही जात नाही. तेवढ्या वेळात ऑइल हीटर नुसता तापत असतो. फक्त तो न्हाणीघराबाहेर, पाण्यापासून लांब ठेवा, आणि १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. आमच्या एक्स्टेंशनचा प्लग एकदा हाताला चटका बसेल इतका तापला होता.