नाव न कळवता ऑफिसातल्या भेटीसोबत द्यायची चिठ्ठी

सोलापुरात नवीन नोकरी लागली आणि डिसेंबरअखेर किंवा जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत ऑफिसात चिठ्ठ्या टाकून, देणाऱ्याचं नाव न सांगता भेटी द्यायचं ठरलं, की वस्तू शोधायला फार वेळ लागत नाही. चाटी गल्लीत नाहीतर नव्या पेठेत अर्धा तास फिरलं तरी काम होतं. माणसं अडतात ती सोबतच्या चार ओळींवर. चिठ्ठी कोरडी झाली तर ती कुणालाही चालेल अशी होते, आणि मनापासून लिहिली तर दुसऱ्या ओळीतच लिहिणारं माणूस ओळखू येतं.

मराठीत पहिला घात क्रियापद करतं. ‘मी रोज बघतो’ किंवा ‘मी रोज बघते’ लिहिलं, की अर्धं ऑफिस संशयातून बाद. चौदा जणांत पाचच बायका असतील तर उरलेलं काम सोपं. ‘आलो-आले’, ‘विसरलो-विसरले’, ‘शिकलो-शिकले’ इथेही तेच होतं. पण ‘मी नॅपकिन घेतले’ यात क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं, घेणारा बाई की पुरुष ते कळत नाही. ‘मला वाटलं’, ‘माझ्या लक्षात आलं’, ‘बरं वाटलं’, ‘मी आणीन’ हीसुद्धा सुरक्षित रूपं. सगळ्यांत सोपं म्हणजे वाक्याचा कर्ता समोरच्या माणसालाच करायचा: ‘तुम्ही असं करता’. अशाने ‘मी’ची गरजच उरत नाही आणि चिठ्ठीही त्या माणसाविषयीची होते. काही जण मुद्दाम उलट लिंगाचं रूप वापरतात. ते करू नये. नाव न सांगणं वेगळं आणि खोटं लिहिणं वेगळं, शिवाय नंतर उलगडा झाला की चिठ्ठीतली बाकीची वाक्यंही खोटी वाटू लागतात.

शेवटच्या सहीचंही तसंच आहे. ‘तुमचा’, ‘तुमची’, ‘आपला शुभचिंतक’ यांतून लिंग दिसतं. ‘ऑफिसातलंच कुणीतरी’ एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट हाक मारण्याची. कॅशवरच्या बाईंना सगळं ऑफिस ‘मॅडम’ म्हणत असेल आणि दोघीच ‘ताई’ म्हणत असतील, तर चिठ्ठीत ‘मॅडम’च हवं. ‘तू’ की ‘तुम्ही’ हेही बहुतेकांची जी सवय असेल तेच. आणि आपली बोली घरी ठेवायची. ‘काय करायलाव’ हे सोलापुरात कानाला गोड लागतं, पण ऑफिसात तसं बोलणारे दोघंच असतील तर ती सहीच झाली. मात्र बोली टाळताना एकदम छापील भाषेवर जाऊ नये. ‘आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी हार्दिक शुभेच्छा’ ही निरोप समारंभाची ओळ आहे.

आता खरा मुद्दा. आपुलकी येते ती नेमक्या तपशिलातून, आणि ओळखही त्यातूनच पटते. म्हणून तपशील असा निवडायचा, जो त्या माणसाचाच आहे पण निदान सहा-सात जणांनी पाहिलेला आहे. प्रत्येक वाक्यापाशी थांबून मोजायचं: हे आणखी कोण कोण लिहू शकलं असतं? उत्तर दोन-तीन आलं तर वाक्य काढायचं. उत्तर ‘कुणीही, कुणालाही’ आलं तरी काढायचं.

समजा, पतसंस्थेतल्या कॅशिअर मॅडमसाठी चिठ्ठी आहे आणि भेट म्हणून सोलापुरी टर्किश नॅपकिन घेतले आहेत. पहिला मसुदा बहुधा असा उतरतो:

‘प्रिय मॅडम, तुम्ही खूप छान काम करता. मी रोज येताना तुमचा हसरा चेहरा पाहते आणि दिवस चांगला जातो. परवा माझी एन्ट्री चुकली तेव्हा तुम्ही सांभाळून घेतलंत. नवीन वर्षाच्या शुभेच्छा. तुमची मैत्रीण.’

पहिलं आणि चौथं वाक्य कुणालाही लागू पडतं, म्हणून ते वाया. दुसऱ्यात ‘पाहते’ आहे. तिसऱ्यातली गोष्ट दोघींनाच ठाऊक, म्हणजे तिथेच नाव फुटलं. शिवाय आपली चूकही सगळ्यांपुढे आली, कारण अशा चिठ्ठ्या बहुतेक ठिकाणी मोठ्याने वाचल्या जातात. त्याच कारणाने तब्येत, लग्न, मुलंबाळं, बदली यांतलं काहीच लिहू नये.

हॉलमधून सगळ्यांना दिसतं असं काय आहे ते आठवलं, की मसुदा बदलतो:

‘मॅडम, महिन्याच्या सुरुवातीला काउंटरवर रांग असते, तरी ठेवीचं व्याज न्यायला आलेल्या आजोबांना तुम्ही पैसे दोनदा मोजून दाखवता, तेही त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. हे सगळ्यांच्या लक्षात आलंय, बोलून कुणी दाखवलं नव्हतं. दिवसभर नोटा हाताळून हात खराब होतात, म्हणून हे नॅपकिन. आधी एकदा गार पाण्यात धुऊन घ्या, मग पाणी चांगलं टिपतात. ऑफिसातलंच कुणीतरी.’

पन्नासेक शब्द आहेत आणि एवढेच पुरे. भेटवस्तू याच माणसाला का, ते एका वाक्यात आलं. धुण्याची सूचना मुद्दाम ठेवली आहे: नवीन टर्किश कापडावर कारखान्यातलं फिनिशिंग असतं, त्यामुळे पहिल्या धुण्याआधी ते पाणी नीट टिपत नाही, आणि मॅडमना वाटेल नॅपकिन हलके निघाले. कामाची सूचना देणारा माणूस काळजी करतो हे वेगळं सांगावं लागत नाही.

हस्ताक्षर लपवायला डाव्या हाताने किंवा वाकडं लिहू नका. वाचणारा अडखळतो आणि सगळी मजा अक्षरावर जाते. ‘ल’ आणि ‘श’ काढायची पद्धत, शिरोरेघ देणं-न देणं, ५ आणि ९ या अंकांची वळणं ओळखू येतातच. घरच्या एखाद्या माणसाकडून, ज्याचं अक्षर ऑफिसात कुणी पाहिलेलं नाही, लिहून घ्यावं. नाहीतर बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घ्यावं. ऑफिसच्या प्रिंटरवर नको. कागद ट्रेमध्ये पडून राहतो आणि नेमका भलत्याच्याच हाती लागतो. छापतानाही ऱ्हस्व-दीर्घ तपासा. व्हॉट्सअॅपवर कायम ‘तूम्ही’ लिहिणारं माणूस त्या एका शब्दावरून सापडतं.

कागद पोस्टकार्डाएवढा, थोडा जाड. तो नॅपकिनच्या घडीत ठेवा, टाचणी लावू नका, धागे ओढले जातात. भेट शेंगा चटणीची असेल तर चिठ्ठी वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला. चटणीचं तेल पिशवीतूनही सुटतं आणि कागदावर डाग पडतात. दुकानाची पिशवी, किमतीचं लेबल आणि बिल काढून टाका, कारण तुमच्याच गल्लीतल्या दुकानाचं नाव चिठ्ठीपेक्षा जास्त बोलतं.

भेट टेबलावर ठेवायला सगळ्यांत आधी किंवा सगळ्यांत शेवटी जाऊ नका, चार-पाच वस्तू जमल्या की ठेवा. वाचन चालू असताना मॅडमच्या चेहऱ्याकडे टक लावून बघणं टाळा. त्या वेळी बाकीचे तेच बघत असतात, चिठ्ठी ऐकताना कोण जास्त लक्ष देतंय ते.