मुदत टळली, पैसे आले नाहीत : विमा लोकपालांना पत्र कसं लिहावं

आमच्या सोसायटीत कुणाचा मेडिक्लेम अडकला की फाइल माझ्याकडे येते. बहुतेक फाइलींत एक तीन-चार पानी पत्र आधीच लिहिलेलं असतं. आजारपण, हॉस्पिटलचे हाल, दहा वर्षांचे हप्ते, कॉल सेंटरवरचं संगीत, सगळं त्यात असतं. तारीख मात्र नसते. माझं स्वतःचं पहिलं पत्र असंच होतं, म्हणून हे ठामपणे सांगतो: ते पत्र बाजूला ठेवा.

आधी पत्ता. लेखी तक्रार पहिल्यांदा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे जाते. त्यांनी नकार दिला, उत्तर समाधानकारक नसलं किंवा तक्रार पोचल्यापासून एक महिन्यात उत्तरच आलं नाही, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथून पुढे एक वर्षाच्या आत जायचं. ग्राहक आयोगात किंवा कोर्टात तेच प्रकरण चालू असेल, तर लोकपाल ते घेत नाहीत. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाकायला हरकत नाही, पण ती तिथून कंपनीकडेच पाठवली जाते. निवाडा देतात ते लोकपाल. नवी मुंबई आणि ठाणे, रायगड, पालघर या जिल्ह्यांसाठी लोकपालांचं कार्यालय ठाणे पश्चिमेला वसंतराव नाईक महामार्गावरच्या जीवन चिंतामणी इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आहे. जुन्या पॉलिसीच्या शेवटच्या पानावर पुण्याचा किंवा सांताक्रूझचा पत्ता छापलेला असतो, त्यावर जाऊ नका. फी लागत नाही. वकील तर नकोच.

आता खरी अडचण. कंपनीची मुदत नेमकी कोणत्या दिवशी संपली?

माझ्या पहिल्या पत्रात मी डिस्चार्जच्या तारखेपासून दिवस मोजले होते. कंपनीचं उत्तर दोन ओळींचं होतं: शेवटचं आवश्यक कागदपत्र आम्हांला अमुक तारखेला मिळालं, त्यामुळे मुदत अजून संपलेली नाही. आणि ते बरोबर होतं. पॉलिसीच्या क्लेमच्या कलमात तसंच लिहिलेलं असतं. दिवस डिस्चार्जपासून नाही, फॉर्म दिल्यापासूनही नाही, शेवटचं आवश्यक कागदपत्र पोचल्यापासून मोजतात. त्यामुळे मुदत संपत आली की एक नवं क्वेरी लेटर येतं आणि घड्याळ पुन्हा शून्यावर गेल्यासारखं दिसतं. तुमच्या पत्राचं काम एवढंच, की ते शून्यावर गेलेलं नाही हे दाखवायचं.

कोपरखैरण्याच्या एका काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं उदाहरण घ्या. क्लेम 2,92,000 रुपयांचा. पॉलिसीत 30 दिवसांची मुदत. (तुमच्या पॉलिसीत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. कंपनीला चौकशी करायची असेल तर 45 दिवस अशीही अट काही पॉलिसींत असते, ती वाचूनच मोजा.) कागद कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएकडे 12 जून 2025 ला दिले. 4 जुलैला पहिली क्वेरी आली: हॉस्पिटलचे इनडोअर केस पेपर द्या. ते 15 जुलैला दिले आणि पोच घेतली. 8 ऑगस्टला दुसरी क्वेरी आली: इम्प्लांटचं स्टिकर द्या.

काकूंचा मुलगा स्टिकरची दुसरी प्रत आणायला हॉस्पिटलात निघाला होता. मी त्याला थांबवलं. 12 जूनच्या पोचपावतीसोबत जोडलेल्या कागदांच्या यादीत नवव्या क्रमांकावर तेच स्टिकर होतं आणि त्या यादीवर टीपीएचा शिक्का होता. प्रत मुकाट्याने पाठवली असती, तर शेवटचं कागदपत्र ऑगस्टमध्ये मिळालं हे आपणच कबूल केल्यासारखं झालं असतं. म्हणून त्याच दिवशी ईमेल केला: हे स्टिकर 12 जूनला दिलेलं आहे, शिक्क्याची यादी सोबत आहे, आपल्या सोयीसाठी प्रत पुन्हा जोडत आहे. ‘पुन्हा’ हा शब्द गाळू नका.

म्हणजे शेवटचं आवश्यक कागदपत्र 15 जुलैला पोचलं आणि मुदत 14 ऑगस्टला संपली. तक्रार निवारण अधिकाऱ्याला 20 ऑगस्टला तक्रार पोचली. 20 सप्टेंबरपर्यंत उत्तर नाही. 23 सप्टेंबरला लोकपालांना पत्र.

दुसरी क्वेरी खरोखरच नवीन कागदाची असती तर? तर मी 15 जुलै धरलीच नसती. तो कागद दिल्याची तारीख धरून नव्याने मोजलं असतं आणि मुदत संपेपर्यंत थांबलो असतो. हा कागद पहिल्या क्वेरीतच का मागितला नाही, हे पत्रात विचारता येतं, पण सगळी तक्रार त्या एका प्रश्नावर उभी करू नये. पोच नसलेली तारीखही धरू नका. कुरिअरवाल्याने ‘दिलं’ म्हटलं ही पोच नव्हे. स्पीड पोस्टचं ट्रॅकिंग, शिक्का किंवा ईमेल, यांपैकी काहीतरी हातात हवं.

व्याजाचा हिशेबही पत्रातच करा. काकूंच्या पॉलिसीत उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटपेक्षा 2 टक्के जास्त व्याज होतं, तेही शेवटचं कागदपत्र मिळाल्यापासून. बँक रेट आर्थिक वर्षाच्या सुरुवातीचा धरायचा. 1 एप्रिल 2025 ला तो 6.50 टक्के होता, म्हणून 8.50. दिवसाला 68 रुपये. 15 जुलै ते 23 सप्टेंबर 70 दिवस, म्हणजे 4,760 रुपये. रक्कम छोटी आहे, पण हा आकडा मांडला की उशीर मोजून दाखवता येतो. मानसिक त्रासाचे पाच लाख मागणारी पत्रंही मी पाहिली आहेत. ती लिहू नका.

पत्राचा गाभा मग इतकाच उरतो:

“माझ्या क्लेमसाठीचं शेवटचं आवश्यक कागदपत्र कंपनीच्या टीपीएला 15 जुलै 2025 रोजी मिळालं (पोच, जोडपत्र 3). पॉलिसीप्रमाणे 30 दिवसांची मुदत 14 ऑगस्टला संपली. 8 ऑगस्टच्या क्वेरीत मागितलेलं स्टिकर 12 जूनलाच दिलेलं होतं (जोडपत्र 1, अनुक्रमांक 9). 20 ऑगस्टच्या तक्रारीला एक महिन्यात उत्तर आलेलं नाही. क्लेमचे 2,92,000 रुपये आणि 15 जुलैपासून रक्कम मिळेपर्यंत वार्षिक 8.50 टक्के व्याज मिळावं, ही विनंती.”

वर पॉलिसी आणि क्लेम क्रमांक, कंपनीचं नाव-पत्ता, खाली विमाधारकाची सही. सही काकूंची, मुलाची नाही. जोडपत्रांना क्रमांक द्या. पत्र टपालाने, हाताने किंवा लोकपालांच्या पोर्टलवरून द्या.

नोंद झाल्यावर कार्यालयाकडून संमतीचा फॉर्म येतो. तो भरून लगेच परत पाठवा, नाहीतर फाइल तिथेच पडून राहते. सुनावणीच्या आधी कंपनी कधीकधी मुद्दल खात्यात टाकते आणि ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेलं व्हाउचर सहीसाठी पाठवते. व्याज राहिलं असेल तर तशी सही करू नका. लोकपाल कार्यालयाला त्याच दिवशी कळवा: मुद्दल अमुक तारखेला मिळालं, त्या तारखेपर्यंतचं व्याज एवढं, ते बाकी आहे.