यादीच्या तळाशी शोधू नका : कुठलं उत्पादन ठेवायचं, कुठलं बंद करायचं

ब्रँडच्या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींकडे पहिल्या वर्षा-दोन वर्षांत एक काम हमखास येतं. कंपनीची सगळी उत्पादनं एका एक्सेलमध्ये मांडायची आणि कुठली बंद करता येतील ते सांगायचं. मग विक्रीप्रमाणे उतरती यादी लावली जाते आणि तळाची दहा-पंधरा नावं लाल केली जातात. गोदाम हलकं करायला हे ठीक आहे. पण काम जर ‘आपल्या नावाची ओळख कोण पुसट करतंय’ हे शोधण्याचं असेल, तर तळाकडे बघून उत्तर मिळत नाही. तळाची उत्पादनं फारशी कोणाला दिसतच नाहीत, मग ती ओळख काय बिघडवणार? ती बिघडते जोरात खपणाऱ्या मालामुळे, आणि म्हणूनच त्याला हात लावायला कोणी तयार नसतं.

याचं उदाहरण मी नेहमी पुण्याच्या बजाज ऑटोचं देतो. 2001 साली पल्सर आली, 150 आणि 180 सीसीची, तरुण आणि दमदार गाडी म्हणून. 2004 मध्ये आलेली डिस्कव्हर 125 सीसीची होती. मायलेज न सोडता 100 सीसीपेक्षा थोडा जास्त दम हवा असलेल्या माणसासाठी ती गाडी, अशी तिची जागा स्पष्ट होती. मग 2009 मध्ये त्याच नावाने 100 सीसीची गाडी आली, 2010 मध्ये 150 सीसीची. पुढे एसटी, टी, एम, एस, एफ अशी अक्षरं लागत गेली. खाली कंपनीची स्वतःची प्लॅटिना होती, वर पल्सर. डिस्कव्हर 100 सुरुवातीला भरपूर खपली. कुठल्याही विक्री-यादीत ती वरच दिसली असती. पण डिस्कव्हर म्हणजे नेमकी कोणासाठीची गाडी, याचं एक उत्तर राहिलं नाही. शेवटी 2019 मध्ये कंपनीने 125 सीसीत पल्सर आणली आणि पुढच्या वर्षभरात डिस्कव्हर बाजारातून गेली. माझ्या मते या धंद्यात शिकणाऱ्या प्रत्येकाने ही गाडी वर्षावर्षाने मांडून बघावी. त्यातली प्रत्येक भर त्या-त्या वेळी समर्थनीय वाटते, हेच त्यातलं शिकण्यासारखं आहे.

आता मी स्वतः जवळून केलेलं एक काम सविस्तर सांगतो. कंपनीचं नाव देत नाही, आणि हिशोब समजावा म्हणून आकडे बदलून सोपे केले आहेत.

ही पश्चिम महाराष्ट्रातली मसाल्याची कंपनी. मुख्य नाव कांदा-लसूण मसाल्यासाठी प्रसिद्ध, झणझणीत म्हणून ओळखलेलं. त्याच नावाने एक ‘कमी तिखट’ कांदा-लसूण मसाला होता, शहरांसाठी काढलेला, आणि विक्रीत तो दुसऱ्या क्रमांकावर होता. शिवाय दुसऱ्या नावाचा एक स्वस्त मसाला, इडली-ढोकळ्याची तयार पिठं, आणि तांबड्या रश्श्याचा एक मसाला, जो फार थोडा खपायचा.

मी सुरुवात एक्सेलने केली नाही. आधी एका वाक्यात लिहून काढलं : हे नाव लोक कशासाठी मागतात? हे वाक्य मीटिंगमध्ये बसून लिहायचं नसतं. किराणा दुकानाच्या कट्ट्यावर सकाळ-संध्याकाळ उभं राहून गिऱ्हाईक काय शब्दांत मागतं ते ऐकायचं. लोक बहुतेक वेळा उत्पादनाचं पूर्ण नाव घेत नाहीत. ‘तो लाल पुडा द्या’ म्हणतात. दुकानदार हाताला लागेल तो लाल पुडा देतो. इथे कमी तिखट मसाल्याचा पुडाही लालच होता, कोपऱ्यात एक पिवळी पट्टी तेवढी जास्त.

दुसरी जागा म्हणजे तक्रारवही. नवख्यांना मी हेच सांगेन की विक्रीच्या आकड्यांआधी ती मागून घ्या. ‘मसाला पूर्वीसारखा राहिला नाही, तिखटपणा गेला’ अशा तक्रारी सारख्या येत होत्या आणि कारखान्यातले लोक मिरचीची प्रत तपासून थकले होते. प्रत्येक तक्रारीसमोर बॅच नंबर होता. ते नंबर उत्पादनाशी जुळवले, तर त्यातले बरेचसे कमी तिखट मसाल्याचे निघाले. लोकांनी मुख्य मसाला समजून तो नेला होता, आणि दोष मुख्य मसाल्याच्या नावावर पडत होता. ओळख पुसट होते म्हणजे काय, हे इतकं ठोसपणे पकडता येतं.

तरीही दुसऱ्या क्रमांकाचा माल ‘बंद करा’ म्हणताना हिशोब द्यावा लागतो. तो हिशोब असा. कमी तिखट मसाल्याच्या एका किलोमागे कच्चा माल, पॅकिंग, वाहतूक, दुकानदारांच्या स्कीम आणि परत येणारा माल वजा जाता 18 रुपये उरत. मुख्य मसाल्यावर 26 उरत. म्हणजे कमी तिखट बंद केल्यावर त्याच्या दर 100 किलोंपैकी किती किलो मुख्य मसाल्याकडे वळले तर बरोबरी होते? 18 भागिले 26, म्हणजे साधारण 69. हा एकच भागाकार मी प्रत्येक उत्पादनासाठी करतो, कारण तो चर्चा एका प्रश्नावर आणून ठेवतो : 69 येतील का?

हे बसून ठरत नाही, करून बघावं लागतं. आम्ही दोन प्रकारचे भाग निवडले, एक जिल्ह्याच्या गावांचा आणि एक मोठ्या शहरातला, आणि तिथे कमी तिखट मसाला पाठवणं थांबवलं. चाचणीत दोन गोष्टी हमखास फसवतात. पहिली, स्टॉकिस्ट आणि दुकानदारांकडे माल शिल्लक असतो, आणि घरातला पुडाही काही आठवडे पुरतो. त्यामुळे पहिल्या महिन्याचे आकडे बघून काहीही ठरवू नये. कंपनीने स्टॉकिस्टला दिलेला माल न मोजता स्टॉकिस्टने दुकानांना दिलेला माल मोजावा. दुसरी गोष्ट मसाल्याच्याच धंद्यातली. मार्च ते मे या काळात आपल्याकडे घरोघरी वर्षाचं तिखट-मसाला करून ठेवतात. त्या दिवसांत पुड्यांचा खप एरवीसारखा नसतो, तेव्हा चाचणी पावसाळ्यानंतर लावली.

गावांकडे 100 पैकी 80 वळले, शहरात 55. गावाकडचे बरेच लोक तो चुकूनच नेत होते, शहरात मात्र खरोखर कमी तिखट हवं असलेली घरं होती. कमी तिखट मसाल्याची साधारण 60 टक्के विक्री गावांकडची असल्याने सरासरी निघाली 70. म्हणजे बरोबरीच्या जेमतेम वर.

या ठिकाणी आकडे निर्णय देत नाहीत, आणि ते मान्य करायला हवं. शहरात ठेवू, गावात बंद करू, असा मध्यम मार्ग विक्री विभागाने सुचवला. तो टिकत नाही, कारण घाऊक बाजारातून माल सगळीकडे फिरतो. पट्टी मोठी करून पुडा हिरवा करावा, हा प्रस्ताव जास्त विचार करण्यासारखा होता. त्याने चुकीचा पुडा हातात पडणं थांबलं असतं. पण झणझणीतपणासाठी मागितल्या जाणाऱ्या नावाखाली, त्याच पदार्थाचा सौम्य प्रकार आहे, हे तसंच राहिलं असतं. आम्ही बंद करण्याची शिफारस केली, शहरातली ती काही घरं जातील हे लिहून. असा तोटा टिपणात लपवू नका. तीन महिन्यांनी तो आकडा कोणीतरी काढणारच असतो.

स्वस्त मसाल्याचं वेगळं होतं. नाव दुसरं, पण पुड्याचा रंग तोच आणि विक्रेताही तोच. दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायचे, ‘दोन्ही एकाच कंपनीचे, हा स्वस्त आहे.’ त्याचा गिऱ्हाईक खरा होता, त्याला दहा रुपयांत भागणारा पुडा हवा होता. त्यामुळे तो मसाला मुख्य नावात आणला, दहा रुपयांच्या लहान पुड्यात. यात एकच अट पाळायची असते : कृती मुख्य मसाल्याचीच हवी, कमी करायचं ते वजन. मीठ वाढवून आणि खोबरं कमी करून किंमत साधली, तर तुम्ही एकत्र केलेलं नसतं, हलका माल चांगल्या नावात मिसळलेला असतो. काही महिने पुड्यावर जुनं नाव बारीक अक्षरात ठेवलं, कारण खेड्यात ते नाव तोंडात बसलेलं होतं.

पिठांवर फार वेळ घालवला नाही. नाव बघून कोणी घेत नव्हतं, स्कीम असली की खपायची. छापलेले लॅमिनेटचे रोल किती उरलेत ते मोजून शेवटची बॅच ठरवली. बंद होणार ही बातमी स्टॉकिस्टला आधी लेखी द्यावी, नाहीतर मुदत संपलेल्या मालाचे दावे वर्षभर येत राहतात.

वाचलेला पैसा आणि फळीवरची मोकळी जागा रश्श्याच्या मसाल्याला दिली. खप लहान, पण तो नेणारं घर पुन्हा तोच मागत होतं, स्कीम नसतानाही. आणि त्याने नावाची ओळख घट्ट होत होती. कुठल्या उत्पादनाला बळ द्यायचं, हे मी या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच ठरवतो.

चर्चेत भावना येतात, त्यांना जागा द्या. प्रत्येक उत्पादन कोणीतरी जीव लावून काढलेलं असतं. 2009 मध्ये राजीव बजाज यांनी स्कूटर थांबवून मोटरसायकलवरच भर देण्याचं ठरवलं, तेव्हा त्यांचे वडील राहुल बजाज यांनी आपलं वाईट वाटणं जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. चेतक हे नाव मात्र कंपनीने सोडलं नाही, आणि 2020 पासून ते विजेच्या स्कूटरवर पुन्हा विकलं जाऊ लागलं.

म्हणून उत्पादन बंद करताना नावाचं काय करायचं, हे वेगळं लिहा. आपल्या ट्रेडमार्क कायद्याच्या 47व्या कलमाप्रमाणे नोंदलेलं नाव सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने वापरात नसेल, तर दुसरा कोणी ते नोंदीतून काढण्यासाठी अर्ज करू शकतो. दर दहा वर्षांनी नूतनीकरणाची फी भरली तरी हा धोका जात नाही. स्वस्त मसाल्याचं जुनं नाव आमच्या भागात ओळखीचं होतं, ते दुसऱ्याच्या पुड्यावर दिसणं परवडणारं नव्हतं. आम्ही ते एका तालुक्यापुरत्या सुट्या तिखटावर चालू ठेवलं, विक्रीची बिलं जपून ठेवली, आणि वकिलांनी ती तारखेनुसार लावून घेतली.