माल संपला? लिस्टिंग काढू नका, तारीख टाका

नुसतं ‘आउट ऑफ स्टॉक’ लिहिलं की ‘कधी येणार?’ची रांग लागते. त्यापेक्षा वर्णनाच्या पहिल्याच ओळीत टाका:

‘निळा रंग, एम साइझ संपला. १८ जूनपर्यंत अपेक्षित. आल्यावर कळवायला हवं असेल तर रंग आणि साइझ मेसेज करा.’

पुरवठादाराने १४ सांगितली तरी १८ लिहा. त्यांची तारीख हुकू शकते. मेसेज आले त्याच क्रमाने, साइझसकट यादी ठेवा. माल आला की मोजून लिस्टिंगवर संख्या चढवा, मगच कळवा. १० नग आणि ४० नावं असतील तर पहिल्या १० जणांनाच कळवा, एक दिवस थांबा, उरले तर पुढच्यांना.

तारीख हुकणार असं दिसलं, तर ती उलटण्याआधीच बदला.