भाडेवाढीची बातमी: रोजच्या प्रवाशाचा महिन्याचा जादा खर्च कसा काढावा

भाडेवाढीचे पत्रक हातात आले की पहिली ओळ जवळजवळ आपोआप सुचते: ‘बसभाड्यात सरासरी १५ टक्के वाढ.’ ही ओळ चुकीची नसते, पण वाचकाच्या उपयोगाची नसते. त्याला जाणून घ्यायचे असते की पुढच्या महिन्यात खिशातून किती जास्त जाणार. तो आकडा पत्रकात नसतो, तो आपल्यालाच काढावा लागतो. काढायला अर्धा-पाऊण तास पुरतो, पण त्या अर्ध्या तासात घसरायच्या जागा बऱ्याच आहेत.

आधी भाडेतक्ता मिळवा

टक्केवारीवरून रुपये काढायचा मोह टाळा. जुना आणि नवा, असे दोन्ही टप्पेनिहाय भाडेतक्ते हातात घेतल्याशिवाय कॅल्क्युलेटर उघडू नये. बसचे भाडे किलोमीटरगणिक नव्हे, टप्प्यागणिक ठरते, आणि सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून ते बहुधा एखाद्या पूर्ण आकड्यावर आणून ठेवतात. वाढीची खरी गंमत या पूर्णांकात दडलेली असते.

एक नमुना घेऊ. जुनी भाडी टप्प्यांप्रमाणे १०, १५, २०, ३० आणि ४० रुपये आहेत. वाढ १५ टक्के जाहीर झाली आणि नवे भाडे जवळच्या पाचच्या पटीत आणायचे ठरले. १० चे साडेअकरा होतात, म्हणजे पुन्हा १०. १५ चे सव्वासतरा होतात, म्हणजे पुन्हा १५. २० चे २३ होतात, ते मात्र २५ वर जातात. ३० चे ३५ आणि ४० चे ४५ होतात. घोषणा एकच, पण पहिल्या दोन टप्प्यांच्या प्रवाशाला दमडीही जास्त द्यावी लागत नाही आणि तिसऱ्या टप्प्याच्या प्रवाशाला एकदम २५ टक्के वाढ सोसावी लागते. पत्रकातल्या १५ टक्क्यांना २० ने गुणून ‘तिकीट ३ रुपयांनी वाढणार’ असे छापले, तर दुसऱ्या दिवशी ५ रुपये जास्त मोजणारा वाचक तुमच्या बातमीवर कसा विश्वास ठेवेल?

पत्रकासोबत तक्ता नसेल तर तो मागून घ्या. अधिकाऱ्याला ‘वाढ नेमकी किती’ असे मोघम विचारू नका, ‘आज २० रुपये देणारा उद्या किती देणार’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाला पुन्हा टक्केच मिळतात, दुसऱ्याला रुपये.

कोणत्या प्रवाशाचा हिशेब, ते ठरवा

‘सर्वसामान्य प्रवासी’ नावाचा माणूस कोणत्याच बसमध्ये चढत नाही. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचा एक पूर्ण प्रवास निवडा, मध्ये बस बदलावी लागत असेल तर तीही धरा. तिसऱ्या टप्प्यावर सर्वांत मोठा झटका आहे म्हणून फक्त तिसऱ्या टप्प्याचाच प्रवासी घ्यायचा आणि बाकीच्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे मला पटत नाही. झटका दाखवा, पण तो कोणाला बसत नाही हेही एका वाक्यात सांगा.

आपल्या नमुन्यातली प्रवासी दोन बसने कामावर जाते. पहिली बस १० रुपयांच्या टप्प्याची, दुसरी २० रुपयांच्या. एका वेळचे ३० रुपये होतात, जाऊन-येऊन ६०. वाढीनंतर पहिली बस १० वरच राहते आणि दुसरी २५ वर जाते, म्हणजे जाऊन-येऊन ७०. दिवसाला १० रुपये जास्त. इथे एक नजर टाका: दुसऱ्या बसचे भाडे २५ टक्क्यांनी वाढले, या प्रवासी महिलेचा दिवसाचा खर्च साधारण १६.७ टक्क्यांनी, आणि घोषणा १५ टक्क्यांची. तिन्ही आकडे खरे आहेत. कोणता कशाचा हे लिहिले नाही, तर वाचकाला तुम्हीच गोंधळलेले वाटाल.

खरा प्रवासी गाठता आला तर उत्तमच, पण त्याच्याकडून ‘फार परवडत नाही हो’ एवढेच घेऊन परत येऊ नका. आठवड्यात किती दिवस जाता, बस कुठे बदलता, परत येतानाही तोच मार्ग का, तिकीट काढता की पास आहे, हे चार प्रश्न विचारा. येताना कोणीतरी सोबत आणते किंवा शेवटचा तुकडा चालत जातो, असे निघाले तर दुप्पट करण्याचा आपला हिशेब तिथेच मोडतो.

दिवस मोजा, महिना नव्हे

सर्वांत जास्त चुका इथे होतात. दिवसाला १० रुपये, महिन्याला ३० दिवस, म्हणून ३०० रुपये. मथळ्याला छान दिसते, पण तीसही दिवस कामावर कोण जाते? आठवड्याची एक सुट्टी धरली तर वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ वजा होतात. सणवार, रजा, आजारपण मिळून आणखी २० ते २५ दिवस जातात. उरलेल्यांना १२ ने भागले की महिन्याला साधारण २४ दिवस येतात. आठवड्याला दोन सुट्ट्या असलेल्यांचे २० च्या आसपास भरतात. आपण २४ धरू, आणि धरल्याचे बातमीत लिहू. म्हणजे ज्याचे दिवस वेगळे आहेत, तो १० ने गुणून आपला आकडा स्वतःच काढेल.

२४ दिवसांचे २४० रुपये. पूर्वी महिन्याला १४४०, आता १६८०. वजाबाकी अशी दोन्ही बाजूंनी करून पाहा: दिवसाच्या फरकाला गुणून आणि महिन्याच्या दोन बेरजांमधून. दोन्हीकडून २४० आले नाहीत, तर बहुधा कुठेतरी परतीचा प्रवास राहून गेलेला असतो.

आता पास विचारा

बहुतेक कॉप्या २४० वर थांबतात आणि इथेच बातमी फसते. रोज जाणारा माणूस रोज तिकीट काढतोच असे नाही. या मार्गाचा, दोन्ही बसला चालणारा मासिक पास आधी ११०० रुपयांना होता आणि आता १२०० ला झाला, असे समजा. मग पासधारकाचा जादा खर्च १०० रुपये, म्हणजे जेमतेम ९ टक्के. एकाच मार्गावर एकाला २४० आणि दुसऱ्याला १००. मथळ्यात कोणता घालायचा?

माझे मत स्पष्ट आहे: ‘रोजचा प्रवासी’ असे म्हणणार असाल तर आधी पासचा आकडा द्या. महिन्याला १४४० ची तिकिटे काढणाऱ्याला ११०० चा पास आधीच स्वस्त पडत होता. तरीही लोक रोज तिकीट काढतात, कारण महिन्याच्या सुरुवातीला एकरकमी ११०० रुपये हातात नसतात, किंवा काम रोजंदारीचे असल्याने किती दिवस जावे लागेल याची खात्री नसते. हे प्रवासी खरे आहेत आणि वाढीचा मोठा भार त्यांच्यावरच पडतो. म्हणून २४० चा आकडाही हवाच, फक्त तो कोणाचा आहे हे नाव घेऊन सांगायचे.

पासची किंमत दिवसाच्या खर्चाने भागून पाहिली तर आणखी एक उपयोगी गोष्ट हाती लागते. पूर्वी ११०० ला ६० ने भागले की १८ पेक्षा थोडे जास्त येत होते, म्हणजे १९ व्या दिवसापासून पास परवडायचा. आता १२०० भागिले ७०, म्हणजे १८ व्या दिवसापासूनच. महिन्याला बरोबर १८ दिवस जाणाऱ्याला पूर्वी तिकीट स्वस्त होते, १०८० मध्ये भागायचे. आता तिकिटांचे १२६० होतील, त्यामुळे १२०० चा पास घेतलेला बरा. त्याचा जादा खर्च १८० नसून १२० झाला. चौकटीत टाकायला याहून चांगली माहिती क्वचित मिळते, कारण वाचक ती वाचून दुसऱ्याच दिवशी काहीतरी करू शकतो.

पासबद्दल तीन गोष्टी फोन करून पक्क्या करा. पास कॅलेंडरच्या महिन्याचा आहे की ३० दिवसांचा? तो ३० दिवसांचा असेल तर वर्षात १२ पेक्षा जास्त वेळा काढावा लागतो. आधी काढलेला पास मुदत संपेपर्यंत चालेल की फरक भरावा लागेल? आणि सवलतीचे भाडे नव्या भाड्यावर मोजणार की त्याचा वेगळा तक्ता आहे? विद्यार्थी आणि ज्येष्ठ नागरिकांचे सगळे फोन या तिसऱ्या मुद्द्यावर येतात.

कॉपी लिहिताना

इंट्रोत एक प्रवास, एक मार्ग आणि जादा खर्चाचे दोनच आकडे ठेवा. असे:

‘सरासरी १५ टक्के बसभाडेवाढीमुळे दोन बसने कामावर जाणाऱ्या पासधारकाला महिन्याला १०० रुपये जास्त मोजावे लागतील. पास न काढता रोज तिकीट काढणाऱ्यांचा खर्च मात्र २४ दिवसांच्या महिन्यात २४० रुपयांनी वाढेल. पहिल्या दोन टप्प्यांची भाडी बदललेली नाहीत.’

त्याखाली जुना-नवा तक्ता, मग एका ओळीत हिशेब कसा केला ते. वाढीची कारणे, इंधनाचा खर्च, मागची वाढ कधी झाली, प्रशासनाची आणि प्रवासी संघटनांची बाजू, हे सगळे यानंतर. या भागाला नेहमीच्या बातमीचेच नियम लागू होतात.

वाढ महिन्याच्या मध्यापासून लागू होत असेल तर ‘या महिन्यापासून २४० रुपये’ असे लिहू नका. पहिल्या महिन्यात तेवढा भार पडणार नाही, ‘पूर्ण महिन्याला’ असे लिहा. नवे तिकीटदर जाहीर झाले पण पासचे दर अजून ठरलेले नाहीत, असेही होते. अशा वेळी पास १५ टक्क्यांनी वाढेल असे गृहीत धरून आकडा बनवू नये. तिकिटांचा हिशेब द्या, पासचे दर जाहीर व्हायचे आहेत हे त्याच परिच्छेदात लिहा आणि ते आले की त्याच प्रवाशाचा दुसरा आकडा काढून बातमी पुन्हा चालवा.